नालंदेत विद्यार्थी घडत कसा असे?

नालंदेविषयी आपल्या वर्गात आणि वर्गाबाहेर जो वाद चालतो, त्यात दोन्ही बाजू एकाच ठिकाणी चुकतात, असे माझे मत आहे. एक बाजू सांगते की नालंदा हे जगातले पहिले विद्यापीठ होते, तेथे दहा हजार विद्यार्थी आणि दोन हजार अध्यापक होते, नऊ मजली ग्रंथालयात नव्वद लाख पोथ्या होत्या आणि त्या जळून खाक व्हायला कित्येक महिने लागले. दुसरी बाजू उत्तर देते की तो एक मठ होता, तेथे भिक्खू धर्मग्रंथ घोकत बसत, ना पदवी होती ना स्वतंत्र विषय होते, आणि त्याला विद्यापीठ म्हणणे हा निव्वळ अभिमानाचा खेळ आहे. पहिल्या बाजूला आकडे हवे असतात, दुसरीला ते खोडून काढायचे असतात. पण तेथे पोहोचलेला विद्यार्थी त्याआधी काय शिकून आलेला असे, त्याला विषय आला की नाही हे कोण ठरवत असे, आणि तेथे तयार झालेले ज्ञान मगधाच्या बाहेर कोणत्या वाटेने जात असे, हे प्रश्न कोणीच विचारत नाही. माझे म्हणणे असे की नालंदेचे मोठेपण तिच्या शिकवण्याच्या आणि नकला करण्याच्या रीतीत होते, आणि ती रीत समजून घेतली तर नव्वद लाखांच्या आकड्याची गरज उरत नाही आणि ‘नुसता मठ’ हा आक्षेपही टिकत नाही.

आधी आकड्यांचा निकाल लावू. नालंदेची स्थापना पाचव्या शतकात, गुप्त सम्राट पहिला कुमारगुप्त याच्या काळात झाली असे साधारणपणे मानले जाते. तिचे प्रत्यक्षदर्शी म्हणावेत असे दोन मोठे साक्षीदार आपल्याकडे आहेत आणि दोघेही चिनी भिक्खू आहेत. जुन्या पुस्तकांत ज्याला ह्युएनत्संग म्हटले आहे तो युआन श्वांग सातव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथे शिकला, आणि त्यानंतर सुमारे चाळीस वर्षांनी इत्सिंग तेथे आला व जवळजवळ दहा वर्षे राहिला. दहा हजारांचा आकडा युआन श्वांगच्या चरित्रातला आहे, आणि ते चरित्र त्याच्या शिष्याने लिहिले आहे. इत्सिंग मात्र तीन हजारांहून अधिक भिक्खू आणि सुमारे तीनशे खोल्या एवढेच सांगतो. गुरूच्या विद्यापीठाचे वर्णन करणारा शिष्य आणि स्वतः तेथे दहा वर्षे जेवलेला माणूस, या दोघांत हिशेबाच्या बाबतीत कोणावर विश्वास ठेवावा? मी इत्सिंगवर ठेवतो. नऊ मजली ‘रत्नोदधी’ ग्रंथालयाची कथा तर तिबेटी परंपरेतून येते आणि ती बरीच उत्तरकालीन आहे. नव्वद लाखांचे गणित तर स्वतःच्याच वजनाने कोसळते. तिबेटी भाषेत भारतीय ग्रंथांचे जे प्रचंड संग्रह आहेत, म्हणजे कंग्यूर आणि तंग्यूर, त्यांतल्या एका प्रसिद्ध छापील आवृत्तीत दोन्ही मिळून साधारण साडेचार हजार ग्रंथ आहेत. नालंदेत नव्वद लाख पोथ्या होत्या असे मानायचे, तर यातल्या प्रत्येक ग्रंथाच्या दोन हजार नकला एकाच आवारात होत्या असे मानावे लागेल. कशासाठी? आणि कोणाच्या हातांनी लिहिलेल्या?

आता दुसऱ्या बाजूकडे वळू, कारण तिचे म्हणणे अधिक वजनदार आहे आणि त्यातला मोठा भाग मला मान्य आहे. नालंदा हा महाविहार होता. तेथे राहणारे बहुसंख्य लोक दीक्षा घेतलेले पुरुष भिक्खू होते, दिवसाची आखणी पूजा आणि विनय, म्हणजे भिक्खूंचे आचारनियम, यांनी होत असे, आणि शिकण्याचा अंतिम हेतू मुक्ती हाच होता. हे सारे खरे आहे. परंतु यावरून ‘म्हणून ते उच्च शिक्षण नव्हे’ हा निष्कर्ष निघत असेल, तर तीच फूटपट्टी इतरत्रही लावायला हवी. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज येथे शिकणाऱ्यांवर आणि शिकवणाऱ्यांवर असलेली धर्मनिष्ठेची अट मुख्यतः १८७१च्या कायद्याने गेली. तेथल्या महाविद्यालयांचे बहुतेक अधिछात्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत अविवाहित असावे लागत. स्त्रियांना पदवी द्यायला ऑक्सफर्डला १९२० साल उजाडले आणि केंब्रिजला १९४८. पंधराव्या शतकातल्या ऑक्सफर्डला विद्यापीठ म्हणताना आपली जीभ अडखळत नाही, मग सातव्या शतकातल्या नालंदेचे नाव निघताच चीवर का आडवे येते? शिवाय इत्सिंग भारतातल्या विहारांबद्दल एक गोष्ट सांगतो, जी या वादात कधीच उद्धृत होत नाही. विहारांत राहून शिकणारे, पण दीक्षा न घेतलेले विद्यार्थी दोन प्रकारचे असत. पुढे दीक्षा घेण्याच्या इराद्याने बौद्ध ग्रंथ शिकणारे ते माणव, आणि संसार सोडण्याचा विचार नसलेले, केवळ लौकिक विद्या शिकणारे ते ब्रह्मचारी. दोघांनाही स्वतःचा खर्च स्वतः करावा लागे, संघाच्या अन्नावर त्यांचा हक्क नव्हता. म्हणजे विहाराच्या आत लौकिक शिक्षण घेणारा आणि त्याचे पैसे भरणारा विद्यार्थी ही ओळखीची, नाव दिलेली वर्गवारी होती.

शिक्षणाचा क्रम पाहिला की आणखी एक गैरसमज दूर होतो. आपण नालंदेची कल्पना अशी करतो की लहान मुलगा तेथे जाई आणि विद्वान होऊन बाहेर पडे. इत्सिंगने दिलेल्या क्रमात नालंदा अगदी शेवटी येते. त्याच्या सांगण्यानुसार मूल सहाव्या वर्षी वर्णमालेच्या ‘सिद्धम्’ या पहिल्या पुस्तकाने सुरुवात करी आणि ते सहा महिन्यांत संपे. आठव्या वर्षी पाणिनीची सूत्रे हाती येत, ती सुमारे आठ महिन्यांत पाठ होत, आणि त्यांच्या जोडीला धातूंचा पाठ असे. दहाव्या वर्षापासून तीन वर्षे ‘खिल’ नावाचे पूरक व्याकरण चाले. पंधराव्या वर्षी ‘काशिकावृत्ती’, म्हणजे पाणिनीच्या सूत्रांवरचे विवरण, सुरू होई आणि ते नीट समजायला पाच वर्षे लागत. त्यानंतर हेतुविद्या, म्हणजे तर्कशास्त्र, आणि अभिधर्म, म्हणजे बौद्ध तत्त्वविवेचन. एवढे झाल्यावर विद्यार्थी दोन-तीन वर्षे मगधातल्या नालंदेत किंवा सौराष्ट्रातल्या वलभीत घालवी. व्याकरणात आणखी पुढे जाणाऱ्यासाठी पतंजलीचे भाष्य होते, आणि त्याला आणखी तीन वर्षे लागत. याचा अर्थ नालंदा आजच्या भाषेत पदव्युत्तर टप्प्यावर येई, आणि तिच्या खाली गावोगावचे गुरू, लहान विहार आणि पंडितांची घरे यांचे एक विस्तीर्ण जाळे होते, ज्याने वीस वर्षांच्या तरुणाला तेथपर्यंत आणून सोडले. अवशेष मात्र नालंदेचे उरले, जाळ्याचे उरले नाहीत, आणि म्हणून सारे श्रेय विटांना मिळते.

येथे पाठांतराचा आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. आठ वर्षांच्या मुलाकडून चार हजारांच्या आसपास सूत्रे पाठ करवून घेणे, ज्यांचा अर्थ त्याला पुढची कित्येक वर्षे पूर्ण कळणार नाही, ही घोकंपट्टीच नव्हे काय? आहे. इत्सिंगही ती लपवत नाही. उलट एकदा ऐकून लक्षात ठेवणारी माणसे मी स्वतः पाहिली, असे तो कौतुकाने सांगतो. पण त्या क्रमातले काळाचे वाटप पाहा. पाणिनीची सूत्रे तोंडपाठ व्हायला आठ महिने, आणि त्या सूत्रांवरचे विवरण समजायला पाच वर्षे. पाठांतराला मिळणारा वेळ विवरणाच्या वेळेच्या सातव्या-आठव्या हिश्श्याइतकाच आहे. सूत्रे आधी डोक्यात भरली जात, कारण पोथी महाग आणि दुर्मीळ होती, आणि पाणिनीची रचनाच अशी आहे की एक सूत्र समजायला आधीच्या अध्यायांतली दहा सूत्रे एकाच वेळी समोर असावी लागतात. पाने उलटत बसून ते जमत नाही. आपल्या परीक्षापद्धतीत पाठांतर हा शेवट असतो, तर त्या क्रमात तो प्रारंभ होता. एवढे मान्य करूनही मी म्हणेन की या पद्धतीत स्मरणशक्ती बेताची असलेल्या पण विचाराने तीक्ष्ण मुलाला जागा नव्हती, आणि असे किती जण दहाव्या वर्षीच गळले असतील याची नोंद कोणी ठेवलेली नाही.

विचार करायला शिकवण्याचे खरे काम हेतुविद्येत होत असे, आणि ते कसे होत असे हे एका उदाहरणाने पाहणे मला आवश्यक वाटते, कारण ‘तेथे वादविवाद होत’ या वाक्याने काहीच कळत नाही. ‘न्यायप्रवेश’ हे या विद्येचे छोटे प्रवेशपुस्तक. युआन श्वांगने त्याचे चिनी भाषांतर केले आहे. त्यातला नेहमीचा मुद्दा आहे तो शब्द नित्य की अनित्य हा. विषय पोथीतला वाटला तरी त्यात जीव होता, कारण मीमांसकांच्या मते वेद नित्य होते आणि त्यासाठी शब्द नित्य असावा लागे. बौद्ध विद्यार्थ्याने मांडायचे ते असे: शब्द अनित्य आहे, कारण तो केलेला आहे; जे जे केलेले असते ते अनित्य असते, जसे मडके; आणि जे नित्य असते ते केलेले नसते, जसे आकाश. येथवर पाठांतर. त्यानंतर हेतूला, म्हणजे दिलेल्या कारणाला, तीन प्रश्न विचारायचे. ज्याच्याविषयी बोलतो आहोत त्यात हा हेतू आहे का, म्हणजे शब्द खरोखरच केलेला आहे का? आपल्या बाजूच्या दुसऱ्या एखाद्या वस्तूत, मडक्यासारख्या अनित्य वस्तूत, तो आढळतो का? आणि विरुद्ध बाजूच्या कोणत्याही वस्तूत तो सापडत नाही ना? तिन्ही उत्तरे मनासारखी आली तरच हेतू खरा.

आता चुका पाहा, कारण शिकवण्याचे मर्म त्यांत आहे. कोणी म्हणाले, ‘शब्द नित्य आहे, कारण तो जाणता येतो’, तर विद्यार्थ्याने लगेच पकडायचे की जाणता तर आकाशही येते आणि मडकेही येते, तेव्हा हा हेतू दोन्ही बाजूंना सारखाच लागू पडतो आणि काहीच सिद्ध करीत नाही. कोणी म्हणाले, ‘शब्द नित्य आहे, कारण तो कानाला ऐकू येतो’, तर येथे उलटी अडचण होते. कानाला ऐकू येणारी शब्दाखेरीज दुसरी वस्तूच नाही, त्यामुळे पडताळा पाहायला उदाहरणच मिळत नाही. ‘शब्द नित्य आहे, कारण तो केलेला आहे’ असे कोणी बोलून गेले, तर त्याचा हेतू त्याच्याच विधानाचा घात करतो. पण मला सर्वांत मोलाची वाटते ती चौथी चूक, जी आपल्याच पक्षाच्या माणसाकडून होते. समोर असा मीमांसक बसला आहे की जो म्हणतो, शब्द उत्पन्न होत नाही, असलेला शब्द उच्चाराने फक्त प्रकट होतो. त्याच्यापुढे ‘शब्द केलेला आहे’ हा हेतू मांडणे हाच दोष ठरतो, कारण तो हेतू दोन पक्षांपैकी एकाला मान्यच नाही. आधी ते सिद्ध कर, मग त्यावर इमारत उभी कर. म्हणजे आपले म्हणणे आपल्याला खरे वाटते, एवढे पुरेसे नव्हते; प्रतिपक्षाला काय मान्य आहे हे त्याच्या ग्रंथांतून जाणून घेतल्याशिवाय तोंडच उघडता येत नसे. ‘न्यायप्रवेशा’त असे एकूण तेहतीस दोष आहेत: विधानाचे नऊ, हेतूचे चौदा आणि उदाहरणाचे दहा. त्यांतला प्रत्येक दोष नमुन्यासह ओळखता येणे हा अभ्यास होता. युआन श्वांगच्या चरित्रात नालंदेतल्या विषयांमध्ये वेद आणि सांख्य का येतात याचे उत्तर येथे मिळते. ती उदारता असेलही, पण त्याआधी ती तर्कशास्त्राची गरज होती. (या विद्येचा मुख्य आचार्य दिङ्नाग महाराष्ट्रातल्या एका डोंगरी विहारात वारंवार राहत असे, अशी नोंद युआन श्वांग करतो. त्या विहाराचे वर्णन अजिंठ्याशी इतके जुळते की अभ्यासक तो अजिंठाच मानतात. आपण तेथे चित्रे पाहून परत येतो.)

विषय आला की नाही हे ठरवण्याची पद्धतही याच विद्येतून आली. चर्चेत भाग घेण्यासाठी दूरवरून आलेल्यांना द्वारपाल कठीण प्रश्न विचारी आणि दहांपैकी सात-आठ जण उत्तर न आल्याने परत जात, असे युआन श्वांग लिहितो. याला आज आपण प्रवेशपरीक्षा म्हणतो, आणि ती तशी होतीही. पण ती आत गेल्यावर संपत नव्हती. रोज शंभरएक ठिकाणी व्याख्याने होत, विद्वान एकत्र जमून मते तपासत, आणि ज्याचे म्हणणे टिकले त्याचे नाव होई. पुढे तो राजसभेत जाऊन आपली विद्या दाखवी, आणि गाजलेल्या विद्वानांची नावे उंच दरवाजांवर पांढऱ्या अक्षरांत लिहिली जात, अशी इत्सिंगची साक्ष आहे. पदवी नव्हती हे खरे, पण पदवीचे काम लौकिक करीत होता. त्याचा तोटाही युआन श्वांगने नोंदवला आहे: काही जण नालंदेचे नाव खोटेच सांगून हिंडत आणि त्यावर मानसन्मान मिळवत. कागद नसलेल्या व्यवस्थेत तोतया पकडण्याचा उपाय एकच, त्याला वादाला बसवणे, आणि तो उपाय सर्वत्र उपलब्ध नव्हता. सार्वजनिक परीक्षा आणि लौकिक यांवर उभी असलेली व्यवस्था किती सहज ढासळते, याचा पुरावा आपल्याला पुण्यातच सापडतो. पेशवाईत श्रावणमासाच्या दक्षिणेसाठी शास्त्री परीक्षा घेत, विद्येनुसार दान ठरे. पण पुढे पुढे पर्वतीजवळच्या रमण्यात जमणाऱ्या गर्दीला सरसकट वाटप करण्यावरच मुख्य भर आला. परीक्षकांची पातळी टिकवणे हे परीक्षा घेण्यापेक्षा अवघड काम आहे, आणि नालंदेने ते काही शतके केले.

ते कसे केले, याचे उत्तर गुरूशिष्याच्या रोजच्या व्यवहारात आहे. इत्सिंग सांगतो की शिष्य रात्रीच्या पहिल्या आणि शेवटच्या प्रहरी गुरूकडे जाई. गुरू त्याला बसवून घेई, ग्रंथातला एक उतारा निवडी, त्याच्या कुवतीप्रमाणे समजावून देई आणि एकही मुद्दा अस्पष्ट ठेवत नसे. त्याच बैठकीत वागणुकीतल्या चुकाही दाखवी. शिष्य अंग चेपून देई, वस्त्रांची घडी घाली, झाडलोट करी. शिष्य आजारी पडला तर गुरू त्याची शुश्रूषा करी. विनयात पारंगत झाल्यावर पाच वर्षांनी शिष्याला वेगळे राहता येई, तरी जेथे जाईल तेथे दहा वर्षे पूर्ण होईपर्यंत कोणाच्या तरी देखरेखीखाली राहणे भाग होते. या सेवेत गुलामीचा वास येतो, असे आपल्यातल्या काहींना वाटेल. मलाही अंग चेपण्याचा भाग रुचत नाही. पण दिवसातून दोनदा, एकेका विद्यार्थ्याला, त्याला न कळलेला उतारा घेऊन बसणारा अध्यापक आपल्यापैकी किती जणांना मिळाला आहे?

असा अध्यापक फुकट मिळत नाही, आणि येथे त्या व्यवस्थेची सर्वांत दुखरी बाजू दिसते. युआन श्वांगच्या चरित्राप्रमाणे राजाने सुमारे शंभर गावांचा महसूल नालंदेला दिला होता आणि त्या गावांतून रोज तांदूळ, लोणी, दूध येत असे. इत्सिंगच्या काळापर्यंत गावांची संख्या दोनशेच्या वर गेली होती. ज्ञान मुक्त होते असे आपण म्हणतो तेव्हा त्याची किंमत त्या गावांतले कुणबी भरत होते, आणि त्यांच्या मुलांपैकी कोणी काशिकावृत्तीपर्यंत पोहोचल्याचे एकही उदाहरण आपल्यापुढे नाही. हा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. त्याला माझ्याकडे उत्तर नाही. मात्र त्या पैशाचे काय होत होते हे पाहिले तर ज्ञानप्रसाराची यंत्रणा उलगडते. नवव्या शतकातला पाल राजा देवपाल याचा एक ताम्रपट नालंदेच्या उत्खननात मिळाला. सुवर्णद्वीपाचा, म्हणजे सुमात्राकडचा, राजा बालपुत्रदेव याने नालंदेत विहार बांधला आणि त्याच्या विनंतीवरून देवपालाने पाच गावे दिली, असे त्यात आहे. दानाचे हेतू एकेक करून सांगितले आहेत: पूजा, भिक्खूंचे अन्न, वस्त्रे, अंथरूण, औषध, विहाराची दुरुस्ती, आणि ‘धर्मरत्ना’चे लेखन. शेवटच्या हेतूचा अर्थ पोथ्यांच्या नकला. जवळजवळ त्याच काळातला आपल्या कान्हेरीच्या लेण्यातला शिलाहारकालीन लेख पाहा. त्यातही विहाराची डागडुजी, चीवरे आणि पोथ्या यांसाठी वेगवेगळी तरतूद आहे. पोथ्यांसाठी खर्चाची स्वतंत्र नोंद असणे ही मगधापासून कोकणापर्यंतच्या विहारांची रीत होती.

नकलेला एवढे महत्त्व का, याचे कारण ताडपत्रात आहे. गंगेच्या खोऱ्याच्या दमट हवेत ताडपत्राला कीड लागते, बुरशी येते, कडा झिजतात. पोथी काही पिढ्यांत पुन्हा लिहिली नाही तर ग्रंथ जातो, त्याला आग लागण्याची गरज नसते. म्हणून ग्रंथालय म्हणजे साठा नसून सतत चालणारे पुनर्लेखन असते, आणि ज्या ग्रंथाची नकल दुसऱ्या देशात गेली तोच सुरक्षित. युआन श्वांग ६४५ साली चीनमध्ये परतला तेव्हा त्याच्याबरोबर ६५७ ग्रंथ होते. येताना सिंधू नदी ओलांडत असता काही पोथ्या पाण्यात गेल्या. त्याने काय केले? ६५४ साली नालंदेतल्या ज्ञानप्रभ नावाच्या विद्वानाला पत्र लिहिले, गमावलेल्या ग्रंथांची यादी जोडली आणि जमेल तेव्हा नकला पाठवाव्यात अशी विनंती केली. ती पत्रे चिनी भाषांतरात आजही वाचता येतात. तोवर चांगआनमध्ये भाषांतराचे काम सुरू होते, आणि ते एकट्याचे नव्हते: एक जण संस्कृत वाचून अर्थ सांगे, दुसरा अर्थ पडताळे, तिसरा लिहून घेई, चौथा भाषा सुधारी. एकोणीस वर्षांत पंचाहत्तर ग्रंथ झाले. याच काळात त्याच्याकडे शिकलेला दोशो हा भिक्खू त्याच्याकडून शिकलेले मत घेऊन जपानला गेला. तिबेटमध्ये हीच रीत आणखी कसून राबवली गेली. नालंदेचा शांतरक्षित आठव्या शतकात तेथे गेला, साम्ये येथे पहिला विहार उभा राहिला, आणि भारतीय पंडित व तिबेटी भाषांतरकार यांच्या जोड्या बसल्या. नवव्या शतकाच्या सुरुवातीला राजाज्ञेने पारिभाषिक शब्दांचा संस्कृत-तिबेटी कोश तयार झाला, त्यात नऊ हजारांहून अधिक नोंदी होत्या, आणि भाषांतरकाराने त्याबाहेर जाऊन मनाने शब्द घडवू नये असे बंधन आले. अंदाजे भाषांतर आणि इतके काटेकोर भाषांतर यांतला फरक असा की दुसऱ्यावरून मूळ संस्कृत वाक्य पुष्कळदा पुन्हा उभे करता येते.

शेवटचा आक्षेप सर्वांत कठीण आहे. एवढी चांगली रीत होती तर एका स्वारीने ती संपली कशी? तेराव्या शतकातला इतिहासकार मिन्हाज बिहारच्या तटबंदीच्या ठिकाणावरील बख्तियार खिलजीच्या हल्ल्याचे वर्णन करतो: मुंडन केलेल्या लोकांची कत्तल झाली, मोठ्या संख्येने ग्रंथ सापडले, आणि त्यांत काय आहे हे सांगायला कोणी जिवंत उरला नव्हता. ते ठिकाण बहुधा शेजारचा ओदंतपुरी विहार होता; नालंदेचे नाव त्यात नाही. या हिंसेचे भान न ठेवता नालंदेविषयी बोलणे अप्रामाणिकपणाचे आहे. पण त्यानंतर तीस-पस्तीस वर्षांनी, १२३४च्या सुमारास, धर्मस्वामी हा तिबेटी भाषांतरकार नालंदेत आला, तेव्हा त्याला तेथे नव्वदी ओलांडलेले राहुलश्रीभद्र सत्तर विद्यार्थ्यांना शिकवताना भेटले. बहुतेक इमारती ओस पडल्या होत्या आणि खर्च ओदंतपुरीचा एक श्रीमंत ब्राह्मण गृहस्थ चालवत होता. पुन्हा सैनिक येत असल्याची बातमी आली तेव्हा सारे पळाले आणि धर्मस्वामीने वृद्ध गुरूंना पाठीवर घेऊन लपवले. यातून मला जे दिसते ते असे: इमारती, पोथ्या आणि विद्वान गेल्यावरही शिकवणे काही काळ चालू राहिले. परत आले नाही ते दोनशे गावांचे उत्पन्न, आणि त्या उत्पन्नावर चालणारे नकला करण्याचे काम. खालचे जाळेही हळूहळू तुटले, कारण ज्याच्या शेवटी नालंदा नाही त्या वीस वर्षांच्या शिक्षणावर कोणी मुलाला घालावे? राजाश्रयावर उभ्या राहिलेल्या संस्थेचा हा दोष तिच्या रचनेतच होता, तलवारीने तो उघडा पाडला.

आणि म्हणून दिङ्नागाचा ‘प्रमाणसमुच्चय’ आज आपल्याला मुख्यतः तिबेटी भाषांतरातून वाचावा लागतो, तर त्याच परंपरेतल्या धर्मकीर्तीच्या ‘प्रमाणवार्तिका’ची संस्कृत पोथी राहुल सांकृत्यायन यांना १९३०च्या दशकात तिबेटमधल्या विहारात सापडली. ती तेथे पोहोचली ती कोणीतरी ताडपत्रावर लिहून घेऊन हिमालय ओलांडला होता म्हणून, आणि तेथल्या कोरड्या, थंड हवेत तिला कीड लागली नाही म्हणून.